सत्तर टक्के मोजणार कोण?

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



हे पत्र विजेच्या गाड्यांविरुद्ध नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या वॉरंटी पुस्तिकेतल्या एका आकड्याबद्दल आहे. 'बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी' हा फलक आता नगर शहरातच नव्हे, तर तालुक्यांच्या गावांतल्या शोरूमवरही दिसतो. ग्राहक चळवळीत काम करत असल्यामुळे लोक गाडी घेण्याआधी, आणि बऱ्याचदा घेतल्यानंतर, ती पुस्तिका घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचा समज असा असतो की आठ वर्षं बॅटरीची काळजी मिटली, काही झालं तर कंपनी नवी देणार. पुस्तिकेत तसं लिहिलेलं नसतं. साधारणपणे लिहिलेलं असतं ते असं: आठ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत बॅटरीची क्षमता मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली गेली, तर कंपनी बॅटरी दुरुस्त करेल किंवा बदलेल. चारचाकीला हीच अट बहुधा एक लाख ६० हजार किलोमीटरची असते. या वाक्यात वर्षांपेक्षा टक्क्याला जास्त वजन आहे.

हा टक्का आला कुठून, ते सांगण्यासारखं आहे. निस्सानची 'लीफ' ही मोटार २०१० च्या अखेरीस बाजारात आली. बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी तेव्हाही होती. पण ती कारखान्यातल्या दोषापुरती होती. वापराने हळूहळू घटणारी क्षमता तीत स्पष्टपणे वगळलेली होती. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या, फिनिक्स या रणरणत्या शहराच्या परिसरातल्या मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी दोन-तीन पट्ट्या दोन वर्षांतच गेल्या. कंपनीकडे गेले, तर हे नैसर्गिक आहे असं उत्तर मिळालं. प्रकरण कोर्टात गेलं, बोभाटा झाला, आणि त्या वर्षाअखेर निस्सानने नवी हमी जाहीर केली: पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या, तर आम्ही त्या पुन्हा नऊवर आणून देऊ. बारावर नव्हे, नऊवर.

म्हणजे टक्क्याशिवाय नुसती आठ वर्षं असली, तर ती दोषाची वॉरंटी आहे, आयुष्याची नाही. आपल्याकडे ओलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आठ वर्षं, ८० हजार किलोमीटरची वॉरंटी जाहीर केली. एथरने त्याच वर्षाअखेर आणलेल्या जादा वॉरंटीच्या नावातच आठ आणि सत्तर हे दोन्ही आकडे घातले. टक्का असा उघड सांगणं हे मी चांगलं लक्षण मानतो. पण तो फलकावर आल्यानेही प्रश्न सुटत नाही.

आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात रोज सकाळी धरणांचे टक्के वाचले जातात. मुळा धरण २६ टीएमसीचं. ते भरलं की 'शंभर टक्के' ही बातमी येते. पण तळाला गाळ बसला असेल, तर शंभर टक्के भरलेल्या धरणातही पाणी पूर्वीइतकं नसतं. बॅटरीचं हेच होतं. रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी आठव्या वर्षीही '१००%' दाखवते. तो भरल्याचा टक्का. वॉरंटीतला टक्का क्षमतेचा, आणि तो बहुतेक दुचाकींच्या पडद्यावर मालकाला दिसतच नाही.

आता एक हिशेब मांडतो. समजा, राहात्यातल्या एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. गावोगाव फिरून तो रोज ५० किलोमीटर गाडी चालवतो. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर वर्षाला १५ हजार किलोमीटर होतात. ८० हजार किलोमीटर पूर्ण व्हायला त्याला पाच वर्षं चार महिने लागतील. त्याची आठ वर्षांची वॉरंटी तिथेच संपली. दुकानदार बाजार करण्यापुरती गाडी वापरत असेल तर त्याला आठ वर्षं पूर्ण मिळतील. जो गाडीवर पोट भरतो त्याला मिळणार नाहीत. शिवाय 'व्यावसायिक वापर' या शब्दांखाली पिग्मी गोळा करणं येतं का, याचं उत्तर काउंटरवरचा मुलगा एक देतो आणि पुस्तिका दुसरं.

त्याच्या गाडीची बॅटरी तीन किलोवॅट-तासाची, म्हणजे आपल्या बोलीत तीन युनिटची, असं धरू. जाहिरातीत १५० किलोमीटर लिहिलेले असतात. रस्त्यावर, मागे बॅग आणि समोर वारा असताना, ती १०० जाते. क्षमता ७० टक्क्यांवर आली की तीच गाडी ७० किलोमीटर जाईल. या माणसाची गरज ५० ची आहे, त्याचं भागेल. पण राहुरीहून रोज नगरला नोकरीला येऊन परत जाणाऱ्याची रोजची धाव ७५ च्या आसपास आहे. त्याची बॅटरी ७२ टक्क्यांवर आली तर ती त्याच्या कामाची उरली नाही, आणि वॉरंटीच्या कामाचीही नाही. कारण ७२ म्हणजे कंपनीच्या लेखी निरोगी. म्हणून मी येणाऱ्याला एकच सांगतो: जाहिरातीतला नव्हे, रस्त्यावर खरा मिळणारा पल्ला धर, त्याचे सत्तर टक्के काढ, आणि तेवढ्यात तुझं काम होत असेल तरच गाडी घे.

सत्तर ही पातळी मुद्दाम खाली ठेवली आहे, यात लबाडी नाही. लिथियम-आयन बॅटरी पहिल्या वर्षात जास्त झिजते, मग झीज मंदावते. आतल्या एका ध्रुवावर पातळ थर तयार होतो, त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. थर जाड होत जातो तसा त्याचा वाढीचा वेगही कमी होतो. त्यामुळे पहिल्या वर्षी पाच टक्के गेले, तर आठ वर्षांत चाळीस जातील, हा त्रैराशिकाचा हिशेब चुकतो. 'जिओटॅब' या कॅनेडियन कंपनीने २०२४ मध्ये हजारो चारचाकींच्या नोंदींवरून काढलेली सरासरी वर्षाला १.८ टक्के घट एवढीच होती. त्या गतीने आठ वर्षांनी ८५ च्या आसपास उरतात. ही सरासरी मोटारींची आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच मोटारींत बॅटरी थंड ठेवण्याची सोय असते. आपल्या बहुतेक स्कूटरना ती सोय नसते. एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, पूर्ण चार्ज करून दिवसभर उभी केलेली स्कूटर न चालवताही झिजते, कारण उष्णता आणि भरलेली बॅटरी हा तिच्यासाठी सर्वांत वाईट योग आहे. नगरच्या दुचाकींची सरासरी काय येते, ते सांगणारी नोंद सामान्य ग्राहकाच्या हाती नाही. ती कंपन्यांच्या सर्व्हरवर मात्र असते.

सावकाश झीज एक आणि बिघाड दुसरा, हेही लोकांना कोणी समजावत नाही. स्कूटरच्या बॅटरीत सेलचे गट एकामागोमाग जोडलेले असतात. समजा चौदा आहेत. त्यांतला एक गट दुबळा झाला, की गाडी चालताना त्याचं व्होल्टेज सर्वांत आधी तळाला जातं, आणि बॅटरीची राखण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बीएमएस, अख्खी बॅटरी बंद करते. उरलेल्या तेरा गटांत वीज असते, पण ती काढता येत नाही. मालकाला काय दिसतं? पडदा ३० टक्के दाखवत असतो, करंजी घाटाचा चढ लागतो, आणि आकडा एकदम पाचवर येऊन गाडी थांबते. हे क्षमता घटणं नव्हे, हा दोष आहे, आणि दोषाच्या वॉरंटीला सत्तर टक्क्यांची अट लागत नाही. पण सर्व्हिस सेंटरवर ग्राहक 'गाडी कमी चालते' एवढंच सांगतो, तिथे लॅपटॉप लावून '७८ टक्के आहे, बॅटरी चांगली आहे' असं उत्तर मिळतं, आणि तो परत येतो. तक्रार लेखी द्या आणि तिच्यात 'कमी चालते' असं न लिहिता किती टक्क्यांवर, कुठे, कशी बंद पडली ते लिहा, हे मी म्हणूनच आग्रहाने सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, साहेब. लॅपटॉपवरचा तो आकडा खरा कशावरून?

बीएमएस बॅटरीची क्षमता थेट मोजत नाही, अंदाज करते. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह ती मोजत राहते, व्होल्टेजशी ताडून पाहते आणि त्यावरून आकडा काढते. मालक रोज ४० ते ८० टक्क्यांमध्येच चार्जिंग करत असेल तर अंदाज सरकत जातो. लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटरीत तो जास्त सरकतो, कारण तिचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ एकसारखंच राहतं. म्हणूनच अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. त्यात 'मूळ क्षमता' कोणती धरायची हा घोळ आहेच: जाहिरातीतली, बॅटरीवर छापलेली, की वापरायला मोकळी ठेवलेली? कंपन्या थोडी क्षमता राखून ठेवतात. ती सॉफ्टवेअरने मोकळी केली, तर झीज तेवढी झाकली जाते.

ग्राहक घरी काय करू शकतो? आमच्याकडचे काही जण चार्जरच्या आधी साधा सबमीटर बसवतात. गाडी नवी असताना ती १० टक्क्यांपर्यंत उतरवायची, मग १०० पर्यंत भरायची आणि युनिट लिहून ठेवायची. तीन युनिटच्या बॅटरीला चार्जरमधली घट धरून साधारण ३.१ युनिट लागतील. पाच वर्षांनी, त्याच ऋतूत, त्याच १० ते १०० मध्ये २.१ लागली, तर २.१ भागिले ३.१ म्हणजे ६८ टक्के उरले. चार्जरमधली घट दोन्ही वेळा असल्याने ती या भागाकारात जवळपास निघून जाते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर या रीतीलाही मर्यादा आहे. सबमीटर दशांश युनिटपर्यंतच दाखवतो. तेवढ्याच चुकीने हे ६८ खरं तर ६५ असू शकतात किंवा ७० असू शकतात. आणि तो १० टक्क्यांचा प्रारंभबिंदू पुन्हा बीएमएसनेच सांगितलेला. तेव्हा आपल्या पिग्मी एजंटच्या वहीत ६८ आहेत, सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर ७४ आहेत, मीटर ७९ हजार किलोमीटर दाखवतो आहे, आणि हजार किलोमीटर म्हणजे साधारण साडेतीन आठवड्यांत वॉरंटी संपणार आहे. या दोन आकड्यांत निवाडा कोण करणार?

मोजण्याची खरी रीत अवघड नाही. बॅटरी ठरावीक तापमानाला, साधारण २५ अंशांना, आणायची, पूर्ण भरायची, स्थिर होऊ द्यायची, मग ठरलेल्या प्रवाहाने रिकामी करत किती अँपिअर-तास निघाले ते मोजायचे. एका दिवसाचं काम. ते करणारी यंत्रणा पाहिजे, आणि ती आमच्या जिल्ह्यातच आहे. आपल्या मंत्रालयाच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात वाहन-चाचणी संस्थांची जी यादी आहे, तीत नगरच्या व्हीआरडीईचं, म्हणजे संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचं, नाव आहे. पुण्याची एआरएआयही त्याच यादीत आहे. गाडी बाजारात येण्यापूर्वी निर्मात्याला अशा संस्थांकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी विकली गेल्यावर, पाच वर्षांनी, तिच्या बॅटरीचा आकडा पडताळायला नगरच्या ग्राहकाला मात्र या संस्थांचं दार ठोठावण्याची सोपी वाट नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच लॅपटॉपवर त्याला विश्वास ठेवावा लागतो. तो आकडाही बऱ्याचदा पडद्यावर दाखवून मिटवला जातो, कागदावर सही करून दिला जात नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूला नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे पुरेशा चाचणीशिवाय वस्तूच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी हमी देणाऱ्यावर आहे. जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला तक्रारीचं शुल्कही लागत नाही. पण त्यासाठी महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागतात, आणि बॅटरीचा भाव हा स्कूटरच्या किमतीचा मोठा हिस्सा असला, तरी एवढ्यासाठी वकील करणारे थोडे.

आणि समजा निवाडा ग्राहकाच्या बाजूने लागला, तरी मिळतं काय तेही लोकांना माहीत हवं. बहुतेक पुस्तिकांत 'दुरुस्त करू किंवा बदलू' यातली निवड कंपनीची असते. बदललेली बॅटरी नवी कोरी असेलच असं नाही, दुरुस्त करून ठेवलेलीही चालते. आणि नव्या बॅटरीबरोबर नवी आठ वर्षं सुरू होत नाहीत. पहिल्या वॉरंटीची जी मुदत उरली तीच पुढे चालते. आमच्या एजंटला ७९ हजारावर बॅटरी बदलून मिळाली, तर तिच्यावर हजार किलोमीटरचीच वॉरंटी उरते.

साहेब, आपल्या मंत्रालयाने यापूर्वी अशी कामं केली आहेत. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचं मानक कडक झालं. पण ते सुरक्षेचं मानक आहे. किती वर्षांनी किती क्षमता उरावी हा त्याचा विषय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आपण 'भारत एनकॅप' सुरू केलं, आणि धडकेत गाडी किती टिकते हे निर्मात्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी ग्राहक ताऱ्यांत पाहू लागला. बॅटरीच्या आयुष्यासाठीही नमुना तयार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमन मंचाने मार्च २०२२ मध्ये जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ संमत केला. तो मोटारींना सांगतो, पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरला किमान ८० टक्के, आठ वर्षं किंवा एक लाख ६० हजार किलोमीटरला किमान ७० टक्के. याहून मोलाचं म्हणजे उरलेली क्षमता दाखवणारा आकडा गाडीतच मालकाला वाचता आला पाहिजे, आणि तो आकडा खरा आहे का हे प्रशासन वापरातल्या गाड्या घेऊन तपासेल, असं त्यात आहे. ज्या कराराखाली हे नियम होतात, त्या १९९८ च्या कराराचा भारत सदस्य आहे. त्या नियमात दुचाकी मात्र नाहीत. आणि लुना मोपेड जिथे बनली त्या या जिल्ह्यात विजेवर जे काही आधी आलं आणि पसरलं, ते दुचाकीच.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. दुचाकीसकट प्रत्येक विजेच्या गाडीत क्षमतेचा टक्का मालकाला दिसेल, अशी अट मोटार वाहन नियमांत घाला. प्रत्येक सर्व्हिसला तो आकडा, तारीख आणि किलोमीटरसह, सही-शिक्क्याच्या कागदावर देणं बंधनकारक करा. शंभर टक्के म्हणजे किती युनिट आणि मोजलं कसं, हे बिलासोबत मराठीत छापून मिळू दे. आणि वाद झाला तर १२६ व्या नियमातल्या संस्थेकडून ठरलेल्या शुल्कात मोजणी करून घेण्याचा हक्क ग्राहकाला द्या. आकडा ग्राहकाच्या बाजूने निघाला, तर शुल्क कंपनीने भरावं. मोजणीसाठी अर्ज दिला त्या दिवशीचे किलोमीटर गोठवले जावेत, नाहीतर चाचणीची वाट पाहता पाहताच वॉरंटी संपायची.

हे नियम होईपर्यंत नगर जिल्ह्यातल्या गाडीमालकांना एवढंच: पहिल्या महिन्यातच युनिटची नोंद करून ठेवा, आणि ७५ हजार किलोमीटर होण्याआधी बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल मागा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आपला,
अहिल्यानगर जिल्ह्यातील एक ग्राहक कार्यकर्ता